बीसीएए, ग्लुटामीन आणि रोज कमी पडणारी ३६ ग्रॅम प्रथिनं

तो पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा पिशवीतून दोन डबे काढून टेबलावर ठेवले. एक बीसीएएचा, एक ग्लुटामीनचा; दोन्ही अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या घटकांच्या पावडरी. वय ३१, वजन ७२ किलो, बैठी नोकरी, आठवड्यातून चार दिवस सकाळी सहा वाजता वजनांचा व्यायाम. दीड वर्षापासून नियम चुकलेला नव्हता. तक्रार एवढीच होती की पायांच्या व्यायामानंतर तीन-तीन दिवस मांड्या दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि चार महिन्यांपासून स्क्वॉटचं वजन ८० किलोच्या पुढे सरकत नाही. "रिकव्हरी होत नाही, मॅडम. पावडरचा डोस वाढवू का?" हा त्याचा प्रश्न.

डोस असा होता: व्यायामाच्या वेळी शेकरमधून ७ ग्रॅम बीसीएए, संध्याकाळी पुन्हा ७ ग्रॅम. ग्लुटामीन ५ ग्रॅम व्यायामानंतर आणि ५ ग्रॅम झोपताना. म्हणजे दिवसाला २४ ग्रॅम पावडर. ही २४ ग्रॅम तो मनातल्या मनात प्रथिनांत धरत होता. त्यामुळे जेवणात प्रथिनं किती जातात हे मोजायची गरज त्याला कधी वाटलीच नव्हती.

डोसाबद्दल काही बोलण्याआधी मी त्याला तीन दिवसांची आहार नोंद ठेवायला सांगितली. दोन कामाचे दिवस, एक सुट्टीचा. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायचा आणि धान्य, डाळ कच्ची असतानाच मोजायची. शिजवल्यावर पाणी शोषून डाळीचं वजन दुपटीहून जास्त होतं, आणि शिजलेल्या वाटीला कच्च्या डाळीचा आकडा लावला की हिशेब फसतो. प्रथिनं मोजताना सर्रास होणारी चूक हीच. माणसाला वाटतं आपण २० ग्रॅम खाल्ली, प्रत्यक्षात आठ-नऊ असतात.

तीन दिवसांची सरासरी ७९ ग्रॅम आली. वजनाच्या हिशेबात दर किलोमागे १.१ ग्रॅम. व्यायाम न करणाऱ्या निरोगी प्रौढासाठी ०.८ ग्रॅमच्या आसपासचा आकडा पुरेसा मानतात, त्यामुळे हे खाणं वाईट म्हणता येणार नाही. पण वजनं उचलणाऱ्याची गरज वेगळी असते. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक मोठा एकत्रित अभ्यास आला, ज्यात ४९ प्रयोग आणि १,८६३ माणसं होती. वजनांच्या व्यायामासोबत प्रथिनं वाढवत नेली की स्नायू वाढण्याचा फायदा दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या सुमाराला सपाट होतो, असं त्यात दिसलं. काही लोकांना याहून थोडं जास्त लागू शकतं, पण सुरुवात करायला हा आकडा चांगला आहे. याच्या बाबतीत ७२ गुणिले १.६ म्हणजे ११५ ग्रॅम. रोज ३६ ग्रॅमची तूट.

एकूण आकड्याइतकीच वाटणीही बोलकी होती. नाश्त्याला १० ग्रॅम, दुपारी २२, संध्याकाळी ५ आणि रात्री एकदम ४२. पहाटे उपाशीपोटी व्यायाम आणि त्यानंतर जवळजवळ सगळा धान्याचाच नाश्ता. व्यायामानंतरच्या सहा-सात तासांत स्नायूंना मिळत होती ती एवढी १० ग्रॅम, आणि शेकरमधली पावडर.

तीन विटा आणि बाकीची भिंत

आता त्या पावडरमध्ये काय होतं ते पाहू. बीसीएए म्हणजे शाखायुक्त साखळीची तीन अमिनो आम्लं: ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन. बहुतेक डब्यांत त्यांचं प्रमाण २:१:१ असतं, म्हणजे ७ ग्रॅममध्ये साधारण साडेतीन ग्रॅम ल्युसीन. शरीराला स्वतः बनवता न येणारी, खाण्यातूनच घ्यावी लागणारी अमिनो आम्लं एकूण नऊ आहेत. ही तीन त्यांतलीच.

ल्युसीनची ख्याती खोटी नाही. स्नायूंच्या पेशीत नवीन प्रथिन बांधायचं काम सुरू करणारी जी यंत्रणा आहे, तिला ल्युसीन खरोखरच इशारा देतं. पण इशारा मिळणं आणि माल येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन प्रथिन बांधायला नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्लं एकाच वेळी हाताशी लागतात. त्यांतलं एक जरी कमी पडलं तरी बांधकाम तिथेच अडतं, मग बाकीची कितीही उरलेली असोत.

उपाशीपोटी फक्त बीसीएए घेतलं तर उरलेली सहा येतात कुठून? ती येतात शरीरातल्या प्रथिनांच्या तुटण्यातून. आपल्या स्नायूंत चोवीस तास प्रथिनं तुटत आणि बांधली जात असतात. उपाशी असताना तुटणं बांधण्यापेक्षा जास्त असतं, आणि तुटून निघालेल्या अमिनो आम्लांपैकी बरीचशी पुन्हा बांधकामात वापरली जातात. बीसीएए फार तर हा पुनर्वापर थोडा कार्यक्षम करू शकतं. पण बाहेरून सहा विटा आल्याच नाहीत, तर जुनी भिंत पाडून निघालेल्या विटांतूनच नवी बांधायची, आणि मग एकूण भिंत वाढायची नाही. संशोधक रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ च्या आढाव्यात हाच मुद्दा मांडला. माणसांवर शिरेतून बीसीएए देऊन केलेले जे प्रयोग त्यांना सापडले, त्यांत तुटणंही कमी झालं होतं आणि बांधणंही. सगळी उलाढालच मंदावली होती. ज्याच्या जाहिरातीत 'स्नायू बांधणारं' असं लिहिलेलं असतं त्याबद्दलचा हा निष्कर्ष मला आजही महत्त्वाचा वाटतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी केविन टिप्टन यांच्या गटाने सरावलेल्या तरुणांना वजनांच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं, तेव्हा पुढच्या काही तासांत स्नायूंतलं बांधकाम नुसतं रंगीत पेय घेणाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त झालं. म्हणजे शून्य परिणाम नाही. पण बीसीएएचं तेवढंच प्रमाण असलेलं व्हे, म्हणजे दुधातून काढलेलं प्रथिन, देऊन आधी केलेल्या प्रयोगात वाढ याच्या साधारण दुप्पट होती. फरक कशाचा, तर व्हेमध्ये उरलेल्या सहा विटाही होत्या. तिघांना एकटं पाठवण्यापेक्षा नऊ जणांना मिळून पाठवलं की काम जास्त होतं, आणि ते नऊजण साध्या दुधातही असतात.

आता हाच हिशेब त्याच्या ताटाला लावून पाहू. अन्नातल्या प्रथिनांत बीसीएएचा वाटा साधारण १५ ते २० टक्के असतो. धान्य-कडधान्यांत खालच्या बाजूला, दूध-अंड्यांत वरच्या बाजूला, व्हेमध्ये तर पाव भाग. त्याच्या ७९ ग्रॅम प्रथिनांतून, कमी पडत असतानाही, रोज जवळपास १४ ग्रॅम बीसीएए पोटात जात होतं. डब्यातूनही १४ ग्रॅमच जात होतं. हा आकडा कागदावर लिहून दाखवला तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. ज्या गोष्टीसाठी तो डबा घेत होता ती ताटात तेवढीच होती. ताटात कमी होती ती इतर सहा, आणि डबा ती देत नव्हता.

त्याच्या खाण्यात याचं एक ठळक उदाहरण होतं. ७९ पैकी ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धान्यातून येत होती. धान्याच्या प्रथिनांत सगळ्यांत तोकडं असतं ते लायसीन. नऊपैकीच एक, पण बीसीएएमध्ये नसलेलं. अशा ताटात ल्युसीन ओतत राहणं म्हणजे गवंडी वाढवायचे आणि सिमेंट तेवढंच ठेवायचं. लायसीनची उणीव भरून निघते ती कडधान्य, डाळी, सोयाबीन, दूध, दही, अंडी, मासे किंवा मांस यांनी. आहार पूर्ण शाकाहारी किंवा पूर्ण वनस्पतिजन्य असला तरी धान्यासोबत डाळी-कडधान्यांचा वाटा पुरेसा असेल तर हे जमतं, फक्त एकूण आकडा थोडा वरचा धरावा लागतो. मात्र बीसीएएच्या चमच्याने ही उणीव कधीच भरत नाही.

ग्लुटामीनचं काय होतं

ग्लुटामीनबद्दल त्याला सांगितलेली गोष्ट अशी होती: स्नायूंत सगळ्यांत जास्त असणारं अमिनो आम्ल हेच, कठोर व्यायामाने ते कमी होतं, म्हणून ते भरून काढायचं. पहिला भाग खरा आहे. मोकळ्या स्वरूपातल्या अमिनो आम्लांपैकी शरीरात सगळ्यांत जास्त ग्लुटामीनच असतं. खूप लांब आणि थकवणाऱ्या व्यायामानंतर रक्तातली त्याची पातळी काही तास उतरते हेही दिसलेलं आहे.

गोष्ट अडते ती पुढे. ग्लुटामीन आवश्यक नऊंपैकी नाही. शरीर, मुख्यतः स्नायूच, ते रोज स्वतः बनवतात, आणि बनवतात ते दहा ग्रॅमच्या मानाने कितीतरी जास्त. शिवाय तोंडाने घेतलेल्या ग्लुटामीनचा मोठा भाग आतड्याच्या आणि यकृताच्या पलीकडे जातच नाही, कारण आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात. यात वाईट काही नाही, पण मांडीच्या स्नायूसाठी घेतलेला चमचा मांडीपर्यंत पोचत नाही एवढं यातून कळतं.

थेट प्रश्न विचारणारा प्रयोगही झालेला आहे. २००१ साली कॅनडातल्या संशोधकांनी ३१ तरुण-तरुणींना सहा आठवडे वजनांचा व्यायाम दिला. निम्म्यांना ग्लुटामीन, निम्म्यांना माल्टोडेक्स्ट्रिन हे साधं कर्बोदक. डोस होता चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.९ ग्रॅम. याच्या शरीराला तो हिशेब लावला तर दिवसाला ५० ग्रॅमच्या वर जातो, त्याच्या डोसाच्या पाचपट. ताकद, स्नायूंचं प्रमाण, प्रथिनांचं तुटणं यांपैकी कशातही दोन गटांत दखल घेण्यासारखा फरक आला नाही. डोस वाढवू का, या त्याच्या प्रश्नाचं ग्लुटामीनपुरतं उत्तर इथे मिळतं.

'पण दवाखान्यात तर देतात ना?' हा पुढचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, त्यानेही विचारला. भाजलेल्या, मोठ्या जखमा झालेल्या रुग्णांत शरीराची ग्लुटामीनची मागणी उत्पादनाच्या पुढे जाऊ शकते, आणि त्यातूनच ही कल्पना व्यायामशाळेत आली. पण तिथेही चित्र पालटलं आहे. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत, अनेक अवयव निकामी होत असलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना लवकर ग्लुटामीन दिल्यावर मृत्यूचं प्रमाण वाढलं. २०२२ मध्ये गंभीर भाजलेल्या रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही. निरोगी माणसाने चमचाभर पावडर घेण्याने असं काही होईल, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते डोस आणि ती शरीरं वेगळी होती. पण आजारी माणसाच्या शरीरात घडतं ते धडधाकट माणसाच्या सरावाला चिकटवण्याचा आधारच त्यामुळे सुटतो.

एका वेळी एकच बदल

इतकं समजावल्यावर डबे बंद करा म्हणणं सोपं होतं. मी ते मुद्दाम टाळलं. दोन वर्षांपूर्वी अशाच एकाला मी एकाच आठवड्यात पावडर बंद करायला आणि खाणं वाढवायला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात त्याने पायांचा नवीन व्यायाम सुरू केला, दुखणं वाढलं, आणि पावडर सोडल्यामुळेच असं झालं ही त्याची खात्री मी नंतर मोडू शकले नाही. चूक माझी होती. तीन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून याच्यासोबत १८ आठवड्यांचा क्रम ठरवला. पहिले दोन आठवडे काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं: पायांच्या व्यायामानंतर ४८ तासांनी दुखणं ० ते १० मध्ये किती, ८० किलोवर स्क्वॉटचे पहिल्या सेटमध्ये किती रेप्स, आणि रात्री झोप किती तास. दुखणं मोजायला ४८ तास निवडले, कारण व्यायामानंतरचं उशिराचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत टोकाला जातं. लगेच मोजलं तर थकवाच मोजला जातो. सुरुवातीची सरासरी आली दुखणं ७, रेप्स ६, झोप साडेसहा तास.

पुढचे चार आठवडे फक्त खाणं बदललं. दोन्ही डबे चालूच. व्यायामाआधी २५० मिलिलिटर दूध, म्हणजे ८ ग्रॅम. नाश्त्यात तीन अंडी, १८ ग्रॅम. दुपारी २०० ग्रॅम दही, ७ ग्रॅम. संध्याकाळी ३० ग्रॅम शेंगदाणे, सुमारे ७ ग्रॅम. रात्रीच्या ताटातून थोडं आपोआप कमी झालं, कारण भूकच तेवढी राहिली नाही. गोळाबेरीज ११५ ग्रॅम. सकाळी १० ग्रॅमवर भागणाऱ्या शरीराला आता व्यायामाच्या आगेमागे ३६ ग्रॅम मिळू लागली. त्यांत ल्युसीन जवळपास ३ ग्रॅम भरतं. एका जेवणात अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसीन असलं की तरुण माणसात बांधकामाचा इशारा चांगला मिळतो, असं साधारण धरलं जातं. तो इशारा आता नाश्ताच देत होता आणि सोबत मालही आणत होता.

पहिल्या आठवड्यात हे बिघडलं. उपाशीपोटी दूध पिऊन दहा मिनिटांत स्क्वॉटला गेल्यावर मळमळ, आणि दिवसभर पोट फुगलेलं. त्याने सरळ निष्कर्ष काढला की शरीराला एवढी प्रथिनं पचत नाहीत. खरं कारण वेळ होतं. दूध पाऊण तास आधी घेतल्यावर मळमळ गेली, आणि नवे पदार्थ एकदम न आणता दर तीन दिवसांनी एक आणल्यावर पोटही शांत झालं. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांनी दूध सोडून दही किंवा अंडी घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लावूच नयेत. याची अलीकडची तपासणी व्यवस्थित होती, ती पाहूनच मी हा आकडा दिला होता.

चार आठवड्यांनी दुखणं ७ वरून ६ झालं, रेप्स ६ वरून ७. त्याला हे फारच कमी वाटलं. मला ते अपेक्षित होतं, आणि इथेच या प्रकरणातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. पुरेशी प्रथिनं म्हणजे दुखण्यावरचं औषध नाही. प्रथिनांनी आठवड्यांमागून आठवडे दुरुस्ती आणि वाढ होत राहते, परवाच्या व्यायामाचं दुखणं त्याने फारसं हलत नाही. त्याचं दुखणं येत होतं दुसरीकडून.

त्याची व्यायामाची वही पाहिल्यावर ते उघड झालं. तो दर आठवड्याला पायांचे प्रकार बदलायचा. एकदा मागे पाऊल टाकून लंजेस, एकदा पायऱ्यांवरून उतरण्याचे प्रकार, एकदा हळूहळू खाली जाणारे स्क्वॉट. स्नायू ताणला जात असताना जोर लावण्याचे हे सगळे प्रकार, आणि दुखणं मुख्यतः त्यांतूनच येतं. निसर्गाने यावर एक उपाय ठेवलेला आहे. तोच व्यायाम एकदा केला की पुढच्या वेळी तोच स्नायू त्याच कामाने बराच कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. दर आठवड्याला प्रकार बदलल्यामुळे त्याला ते संरक्षण कधी मिळतच नव्हतं. दर सोमवार त्याच्या मांड्यांसाठी पहिलाच सोमवार होता.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात पायांचे तीनच प्रकार ठेवले आणि तेच दर आठवड्याला केले. पहिल्या आठवड्यात प्रत्येकी दोन सेट, मग हळूहळू चार. झोपेला फार धक्का लावला नाही, फक्त फोन खोलीबाहेर ठेवल्याने ती सात तासांवर गेली. दहाव्या आठवड्याअखेर दुखणं ३, रेप्स ८. डबे अजून चालूच होते, त्यामुळे हा सुधार डब्यांनी झाला असं म्हणायला जागा नव्हती. ते सुरुवातीपासून तेवढेच होते.

डबे बंद करण्याची पद्धत

आता पावडरींची पाळी. ग्लुटामीनला जवळजवळ चव नसते, म्हणून त्याची आंधळी चाचणी घरीच करता येते. त्याच्या बहिणीने दोन सारख्या बरण्या घेतल्या, एकीत ग्लुटामीन, दुसरीत माल्टोडेक्स्ट्रिन, आणि झाकणांवर क व ख लिहिलं. कोणत्या बरणीत काय ते फक्त तिला ठाऊक. दोन आठवडे एक, दोन आठवडे दुसरी, नेहमीच्याच दुधात मिसळून. चार आठवड्यांनी मी त्याला विचारलं, ग्लुटामीन कोणत्या बरणीत होतं? तो ठामपणे क म्हणाला, कारण त्या दोन आठवड्यांत हलकं वाटलं होतं. बहिणीची चिठ्ठी उघडली. क मध्ये माल्टोडेक्स्ट्रिन होतं. दुखण्याची सरासरी दोन्ही वेळा ३ च होती.

एका माणसावरची चार आठवड्यांची चाचणी म्हणजे पुरावा नव्हे, हे मी त्यालाही सांगितलं. पण आपल्याला 'जाणवतं' त्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्याला त्या चिठ्ठीने माझ्या बोलण्यापेक्षा जास्त पटवलं.

बीसीएएची अशी चाचणी घरी नीट होत नाही. ही आम्लं कडू असतात, ल्युसीन पाण्यात नीट विरघळत नाही, वर फेस येतो. कितीही चव घातली तरी रोज पिणाऱ्याला खरं कोणतं ते ओळखू येतं. म्हणून पंधराव्या आठवड्यापासून ते उघडपणे बंद केलं. पहिल्या आठवड्यात त्याने दुखण्याला ४ दिले. मी त्यावर काहीच बोलले नाही, फक्त लिहीत राहायला सांगितलं. पुढच्या तीन आठवड्यांत ३, ३ आणि २. अठराव्या आठवड्यात ८० किलोवर ९ रेप्स झाले. वजन ७२.६ किलो, कमरेचं माप तेच.

बीसीएएने दुखणं थोडं कमी होतं असं सांगणारे अभ्यास आहेत, आणि मी ते त्याच्यापासून लपवले नाहीत. पण असे अभ्यास वाचताना मी एक गोष्ट आधी पाहते: तुलनेतल्या दुसऱ्या गटाला काय दिलं होतं, आणि दोन्ही गट रोज किती प्रथिनं खात होते. तुलना नुसत्या पाण्याशी किंवा साखरेच्या पेयाशी असेल आणि आहार मोजलाच नसेल, तर त्यातून कळतं ते एवढंच की काहीही नसण्यापेक्षा तीन अमिनो आम्लं बरी. पुरेसं खाणाऱ्या माणसाला वर आणखी तीन दिल्याने काय होतं, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर अशा तुलनेतून मिळत नाही.

डब्यावरच्या लिखाणाबद्दलही एक सांगायला हवं. त्याच्या बीसीएएच्या डब्यावर ऊर्जा शून्य लिहिलेली होती. मोकळी अमिनो आम्लंही प्रथिनांसारखीच, ग्रॅममागे साधारण ४ किलोकॅलरी देतात. रोजच्या २४ ग्रॅम पावडरीतून जवळपास ९५ किलोकॅलरी जात होत्या. म्हणजे अर्ध्याहून अधिक पेला दुधाएवढी ऊर्जा पोटात जात होती, पण दुधातलं बाकी काही मिळत नव्हतं. वजन उतरवण्यासाठी उपाशीपोटी व्यायाम करून वर हे पिणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

मग या पावडरींना जागा कुठेच नाही का? बीसीएए यकृताच्या काही आजारांत डॉक्टर आहाराचा भाग म्हणून देतात, तो वेगळा विषय आहे आणि तो त्यांच्याच देखरेखीचा. बीसीएएचं विघटन नीट न होणारा जन्मजात विकार असलेल्यांनी तर याला हातही लावू नये. व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाला कधी जेवणातून प्रथिनं खरोखर मिळणार नसतील, म्हणजे लांबचा प्रवास, भूक मेलेली, चावायला त्रास, तर मी नऊही आम्लं असलेलं काहीतरी सुचवते: दूध, दुधाची भुकटी, नाहीतर व्हे किंवा सोयाचं प्रथिन. तेव्हाही तीनच आम्लांचा डबा मी निवडत नाही.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. मधल्या काळात दोन आठवडे बाहेरगावी काम होतं, नोंद केली तेव्हा प्रथिनं ८५ ग्रॅमवर आली होती, हे त्याने स्वतःच काढून आणलं होतं. त्या दिवसांत डबा आठवला का, असं मी विचारलं. "आठवला," तो म्हणाला, "पण आधी वही काढली. नाश्त्याचीच अंडी सुटली होती, मॅडम. परत आल्यावर ती सुरू केली." स्क्वॉट तेव्हा ९० किलोवर पाच रेप्स होता.